विषय : वजाबाकीचा आराखडा मिळणेबाबत

धानोरा तालुक्यातल्या आमच्या गावचे दिवाणजी तेंदू फळीवर बसतात ते मे महिन्यात, पण दिवाणजीपण अंगात बाराही महिने. फळीवर पुडा हाती आला की अंगठ्यानं कडा चाळतात. ७० पानं भरली नाहीत तर पुडा बाजूला, मग आणणारा सख्खा साळा का असेना. सासुरवाडीहून 'लवकर या' असा निरोप आला, तर 'तारीख कळवा' असं उत्तर जातं.

अशा माणसाला गुरुजींनी चौथीतल्या पोरीच्या प्रगतिपुस्तकाचा फोटो पाठवला. गणितात क-२. 'सुधारणा आवश्यक' या रकान्यात : 'सराव वाढवावा.'

दिवाणजी मोबाइल घेऊन तलावाच्या पाळीवर गेले, कारण रेंज तिथंच. पण आधी पोरीची चाचणीची वही तपासून गेले. मग उत्तर लिहिलं :

"मा. गुरुजी, स. न. वि. वि. आपला शेरा मिळाला. सराव कशाचा, रोज किती, कोणत्या तारखेपर्यंत, याचा खुलासा नाही. वही पाहिली. ५८६ − २४३ = ३४३, बरोबर. ७०३ − २६८ = ५६५, चूक. ४०२ − १५७ = ३५५, चूक. पोरगी वरचा-खालचा पाहत नाही जी, मोठ्या अंकातून लहान वजा करते. हातचा घ्यायची वेळच येऊ देत नाही. हिच्या हिशोबानं २६८ पुडे उचलूनही ५६५ उरले, म्हणजे मुळात ८३३ होते. वरचे १३० कोणत्या जंगलातून आले? असाच सराव वाढवला तर चूकच पक्की होईल. करिता लेखी आराखडा मिळावा."

गुरुजीही पक्के. वर्गात वीसेक पोरं, त्यात दोन इयत्ता एकत्र. तरी संध्याकाळी उत्तर आलं. पहिला आठवडा कागदावर काही नाही, काड्या न् गठ्ठे. ७०३ म्हणजे शंभराचे ७ गठ्ठे न् ३ सुट्या. मधे दशक नाही, म्हणून एक शतक सोडायचं, त्याचे १० दशक. त्यातलं एक सोडायचं, की ६ शतक, ९ दशक, १३ सुट्या. आता वजाबाकी, ४३५. दुसऱ्या आठवड्यात वहीवर रोज पाचच उदाहरणं, त्यातली दोन बिनहातच्याची, नाहीतर पोरगी जिथं तिथं हातचा घेत सुटेल. प्रत्येकाखाली पडताळा : ४३५ + २६८. तिसऱ्या सोमवारी दहा उदाहरणं. आठ बरोबर आली तर शाब्दिक उदाहरणांकडे, नाहीतर परत काड्या. शेवटची ओळ : 'पालकांनी रोज सही करावी.'

दिवाणजींना असा कागद जन्मात पहिल्यांदा मिळाला. बायकोला वाचून दाखवला. "काड्या मोजाले घरी कोण बसते?" ती म्हणाली. त्यांनी तेही कलम वाढवलं : 'गठ्ठे बांधणे – पालक.' मग आखीव कागदावर तक्ता उतरवला, खाली सही ठोकली, फोटो काढून पाळीवरून पाठवला. सहीखाली बारीक अक्षरात : चू. भू. द्या. घ्या.