डिस्चार्ज कार्डाची गुप्तलिपी

हृदय कमजोर झालेल्या आजोबांना घरी सोडताना कार्डावर लिहितात, 'फ्युरोसेमाइड ४०, ओडी, रिव्ह्यू एसओएस'. घरचे मान डोलावतात, कारण डॉक्टर घाईत असतात. मग लघवीची ही गोळी कुणीतरी श्रद्धेने रात्री झोपताना देतं आणि आजोबा पहाटेपर्यंत बाथरूमच्या वाऱ्या करतात. 'सकाळी ८ वाजता एक' एवढं मराठीत लिहायला शाई जास्त लागत असावी. आणि 'रिव्ह्यू एसओएस'ऐवजी लिहावं: रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी वजन करा. ३ दिवसांत २ किलो वाढलं, पाय सुजले किंवा जास्तीची उशी घेतल्याशिवाय झोपवेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बसल्याजागी धाप लागली, तर थेट १०८. एवढं चार ओळींत मावतं. पण मग अर्ध्या कार्डावरचा रुग्णालयाच्या संचालकांचा हसरा फोटो कुठे छापायचा?