माझी सही वारली

शुक्रवार, २७ डिसेंबर २०२४, दुपारचे सव्वाचार. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत भट्टी पेटलेली होती आणि मी साच्यांच्या वाळूवरून ठेकेदाराशी वाद घालत होतो. तेवढ्यात सीएंच्या ऑफिसातल्या मुलीचा फोन आला.

"साहेब, तुमची सही संपली."

सही संपते कशी? शाई संपते, कागद संपतो, चेकबुक संपतं. माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं एकच सही केली आणि ती त्यांच्यानंतरही बँकेत जिवंत होती. माझी मात्र २४ तारखेला वारली होती. तिसरा दिवस उजाडला तरी कुणी कळवलं नव्हतं.

तर प्रकरण असं. आयकर खात्याची नोटीस आली होती, १४२(१) ची. चेहराविरहित तपासणी म्हणजे समोर अधिकारी नाही, फक्त पोर्टल. प्रश्न साधा होता: कंपनीनं मामांकडून घेतलेल्या आठ लाखांच्या कर्जाचा पुरावा द्या. मामांचं लेखी कबुलीपत्र, त्यांचं रिटर्न, बँकेचा उतारा, सगळं जमवून झालं होतं. मुदत त्याच दिवशीची आणि नोटिशीत तारखेपुढं वेळही छापलेली असते. ती आम्ही कधीच वाचत नाही. आमची होती संध्याकाळी सहा. उत्तर न दिल्यास दंड दहा हजार, शिवाय अधिकारी स्वतःच्या अंदाजानं हिशेब मांडायला मोकळा. मामांच्या आठ लाखांचा त्याचा अंदाज काय असेल, हे मला डोळे मिटून दिसत होतं.

"मग नूतनीकरण करा की," मी म्हणालो.

"साहेब, नूतनीकरण नसतं. नवीनच काढायची."

बोलताना सगळे रिन्यू म्हणतात, पण निघतं डिजिटल सहीचं नवं प्रमाणपत्र. त्याची गुप्त किल्ली नवी आणि ती पुन्हा यूएसबी टोकनमध्ये उतरवायची. जुन्या सहीनं केलेल्या कागदांना धक्का लागत नाही, त्या दिवशी ती जिवंत होती म्हणून. फक्त यापुढं ती कशावरच उमटत नाही. तारीख बघायची तर टोकनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रमाणपत्र उघडायचं, तिथं शेवटचा दिवस स्पष्ट लिहिलेला असतो. पण त्यासाठी टोकन आपल्याजवळ पाहिजे. माझं टोकन माझ्याकडं कधी नव्हतंच. ते सीएंच्या कपाटात, लोणच्याच्या बरणीएवढ्या एका डब्यात, इतर संचालकांच्या सह्यांबरोबर रबरबँड लावून पडलेलं असतं, वर पिन लिहिलेली चिठ्ठी. ही किल्ली स्वतःच्या ताब्यात जपून ठेवावी, असं माहिती तंत्रज्ञान कायदा सांगतो. डब्याचं झाकण घट्ट बसतं, एवढं जपणं आमच्याकडून होतं.

तरी नवी सही मागवली. मोबाइलवर ओटीपी आला, मग कॅमेऱ्यासमोर मूळ पॅनकार्ड धरून नाव सांगायचं होतं. मी भट्टीजवळच उभा राहिलो. पहिला व्हिडिओ परत आला, आवाज ऐकू येत नाही म्हणून. दुसरा परत आला, पॅनकार्डावर उजेड चमकतो म्हणून. तिसऱ्यासाठी ऑफिसच्या संडासात गेलो, कारण कारखान्यात शांतता तिथंच आहे. तो तपासणीला गेला आणि घड्याळात पाच वाजले. तो मंजूर झाला असता तरी काम संपत नव्हतं. प्रमाणपत्र टोकनात उतरवायचं, मग आयकर पोर्टलवर कंपनीच्या नव्हे, माझ्या स्वतःच्या खात्यात जाऊन ते नोंदवायचं. त्यातला पॅन माझ्या पॅनशी जुळला तरच पोर्टल ते घेतं.

मग मुलीनं विचारलं, "दुसरे संचालक कोण आहेत?"

खासगी कंपनीला किमान दोन संचालक लागतात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी दुसरा संचालक म्हणजे संचालकाची बायको. कंपनीच्या जन्मापासून तिला एवढंच ठाऊक की अधूनमधून नवरा कागद पुढं करतो आणि म्हणतो, "इथं कर." तिची सही मात्र माझ्यानंतर तीन महिन्यांनी काढलेली, म्हणजे मार्चपर्यंत जिवंत. मी घरी फोन केला.

"अगं, तुझी सही पाहिजे."

"कशावर?"

"आयकराच्या उत्तरावर. मामांच्या पैशाचं."

"मामांनी आपल्याला पैसे दिलेत?"

इथं मी फोन कापायला हवा होता. कापला नाही, त्यामुळं वीस मिनिटं गेली. शेवटी कळलं की तिचं टोकन त्याच डब्यात आहे, पण पोर्टलवर तिच्या नावानं कधी नोंदवलेलंच नाही. तिच्या खात्याचा पासवर्ड तिलाही माहीत नाही, मलाही नाही. एक जिवंत सही हाताशी होती आणि तिला दार उघडत नव्हतं. रिटर्नवर व्यवस्थापकीय संचालकानं सही करावी आणि त्याला अपरिहार्य अडचण असेल किंवा तसा कुणी नसेलच, तर कोणताही संचालक चालतो, अशी सोय कायद्यात आहे. पण त्या संचालकाची तयारी आधी करून ठेवावी लागते. मुदतीच्या दिवशी संध्याकाळी ती होत नाही.

साडेपाच वाजता खुद्द सीए फोनवर आले. साठी ओलांडलेले गृहस्थ, आवाज संथ.

"सही कुणी मागितली तुम्हाला?"

"तुमच्या ऑफिसनं!"

"कंपनी म्हटली की पोरं थेट डीएससीवर टिचकी मारतात. सवय. रिटर्नला ती लागतेच, तिथं पळवाट नाही. पण हे चेहराविरहित तपासणीतलं उत्तर आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये नियम १४सी आला. कंपनीनं पोर्टलवरच्या आपल्या नोंदणीकृत खात्यात शिरून कागद पाठवला, की तो इलेक्ट्रॉनिक संकेतांकानं पडताळला असं मानतात. त्याआधी कंपन्यांना आणि ऑडिटवाल्यांना डिजिटल सही सक्तीची होती."

"म्हणजे पासवर्ड म्हणजेच सही?"

"या कामापुरता. तुमच्या कंपनीच्या लॉगिनलाच डीएससीचं जादा कुलूप लावलं असतं, तर मात्र आज आत शिरतानाच अडकलो असतो. नशीब, तुम्ही सुरक्षेच्या बाबतीत आळशी आहात."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्या आळसाचं व्यावसायिक कौतुक झालं.

"आणि तरीही पुढं गेलं नाही तर?"

"त्याच नोटिशीशेजारी मुदतवाढ मागायचं बटण आहे. कारण लिहायचं, नवी तारीख मागायची. देणं न देणं त्यांच्या हातात, पण मागायचं सहाच्या आत. सहा वाजून एक मिनिटानं मागितलेली मुदतवाढ म्हणजे माफीनामा."

पाच अठ्ठेचाळीसला उत्तर गेलं. पोचपावतीचा क्रमांक व्हॉट्सॲपवर आला. मामांचं कबुलीपत्र, रिटर्न आणि उतारा सरकारदरबारी रुजू झाला आणि त्यावर माझी सही कुठंच नव्हती.

सव्वासहाला व्हिडिओ मंजूर झाल्याचा संदेश आला. मी सीएंना विचारलं, आता ही कशाला? ते म्हणाले, वीस जानेवारीला जीएसटीचं ३बी भरायचं आहे, कंपनीला तिथं डिजिटल सहीच लागते. करोनाच्या काळात काही महिने कंपन्यांना मोबाइलवरच्या कोडवर सोडलं होतं, ३१ ऑक्टोबर २०२१ ला ती सवलत संपली. शिवाय नवी सही आयकराला वेगळी कळवायची, जीएसटीला वेगळी, कंपनी मंत्रालयाला वेगळी. तिन्ही सरकारचीच पोर्टलं, पण एकाच्या घरचं बारसं दुसऱ्याला कळत नाही.

सोमवारी टोकन आलं. या वेळी ते मी स्वतःकडं ठेवणार, पिन बदलणार आणि संपायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनानं लिहिणार, असं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "माझंही आणा त्या डब्यातून. आणि मामांचे आठ लाख कुठं गेले, ते आधी सांगा."

टोकन सध्या सीएंकडंच आहे.