आभार आटोपले, आता निरोप

मराठी सभेत आभारप्रदर्शन सुरू झालं की कोणी ऐकत नाही. निवेदकाच्या तोंडून 'आता आभार मानण्यासाठी मी विनंती करतो' एवढं बाहेर पडायचा अवकाश, मागच्या रांगेतल्या खुर्च्या करकरतात, बायका पर्स खांद्याला लावतात आणि अनुभवी मंडळी समोशांच्या दिशेने तोंड करून बसतात. व्याख्यानाला किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेला हे चालून जातं. पंचाईत होते ती निरोप समारंभाची, कारण तिथेही शेवटी आभारच असतात आणि ज्यासाठी सगळे जमले तो निरोप कुठे झाला हे कोणालाच सांगता येत नाही.

सरकारी कचेरीत या समारंभाचा हंगाम म्हणजे ३१ मे. आमच्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी तारीख विचारली, वडिलांनी 'पावसाच्या आधी झाला' असं सांगितलं आणि गुरुजींनी १ जून लिहून टाकलं. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे गुरुजींच्या त्या एका फटक्यात पिकलेलं पीक कागदावरची ५८ वर्षं भरताना ३१ मेला कापणीला येतं. शाल आणि श्रीफळ विकणाऱ्यांनी त्या गुरुजींची तसबीर दुकानात लावायला हरकत नाही.

माझा आवाज माइकशिवाय मागच्या भिंतीपर्यंत जातो म्हणून सूत्रसंचालन कायम माझ्याकडे. कार्यक्रमपत्रिका ठरलेली: दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, सहकाऱ्यांची मनोगते, सत्कार, सत्कारमूर्तींचे मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार आणि अल्पोपाहार. यात निरोपाला जागा आहे ती सत्कारमूर्तींच्या मनोगतात. पण सत्कारमूर्ती उभे राहतात आणि खिशातून कागद काढतात. कागदावर नावं असतात. पहिल्या साहेबांपासून आत्ताच्या साहेबांपर्यंत, मग शाखेतले, मग दुसऱ्या शाखेतले, मग डबा देणारी पत्नी, मग डॉक्टर. आभारांची यादी माणूस एकदा वाचायला लागला की त्याला थांबता येत नाही. दहा नावं घेतली की अकरावा दुखावतो, आणि तो अकरावा हमखास पेन्शनच्या कागदांवर सही करणारा निघतो. म्हणून शेवटी 'अनवधानाने कोणाचा नामोल्लेख राहिला असल्यास' हे कलम येतं. एवढ्यात गळा दाटून येतो तोही यादीतल्या कुठल्यातरी नावापाशी, आणि 'मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो' म्हणून ते खाली बसतात. 'मी निघतो' हे वाक्य राहून जातं. नंतर आभारवाले उठून मंडपवाल्याचे, माइकवाल्याचे आणि पुन्हा साहेबांचे आभार मानतात. सत्कारमूर्ती तेव्हा शाल, नारळ, गुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ दोन हातांत कसं मावेल या विवंचनेत असतात.

मला दिसतं ते असं. आभाराला उत्तर असतं: 'अहो, त्यात काय एवढं!' आणि ते उत्तर दिलं की विषय मिटतो. निरोपाला दोघांना उभं राहावं लागतं, एकाने जायचं आणि दुसऱ्याने जाऊ द्यायचं. दोन्ही एकाच भाषणात घातले की ऐकणारे 'त्यात काय एवढं' म्हणून मोकळे होतात आणि जाणारा माणूस उंबऱ्यातच राहतो. घरच्या गणपतीला आपण हे बरोबर करतो. उत्तरपूजा घरात होते, अक्षता वाहून मूर्ती जागची जराशी हलवतात, हातावर दही ठेवतात. विसर्जन मात्र पाण्यावर. पाटावरच दोन्ही उरकून घ्या असं कोणी भटजी सांगत नाही.

म्हणून आमच्या आवक-जावक शाखेतल्या अण्णांच्या वेळी मी कार्यक्रम मोडून बसवला. पहिला बेत असा होता की आभार आधी उरकायचे आणि अण्णांनी सगळ्यांत शेवटी बोलायचं. तो साहेबांपुढे नेला, तर ते म्हणाले, "अध्यक्षांच्या नंतर कोणी बोलत नसतं." शिष्टाचार खरा होता. अध्यक्षांच्या मागून फक्त आभारवाला बोलू शकतो, कारण तो बोलतो असं कोणी धरतच नाही. शिवाय आभार मध्येच घेतले तर सवयीने सगळे उठले असते आणि अण्णांना रिकाम्या खुर्च्यांचा निरोप घ्यावा लागला असता.

तेव्हा दुसरा बेत. निरोप सभेतूनच काढून घ्यायचा. आभारांचं काम अण्णांनी सकाळीच संपवलं. साडेदहापासून पेढ्यांचा पुडा घेऊन ते टेबलाटेबलाशी गेले, प्रत्येकापाशी त्याच्याच कामाचं दोन शब्द बोलले. लेखा शाखेतल्या बाईंना म्हणाले, "मुलीच्या लग्नात जीपीएफचा अग्रिम तुम्ही वेळेत काढून दिलात, ताई." हे वाक्य व्यासपीठावरून आलं असतं तर बाकीच्या शाखेने 'आमचं काय' असं मनात म्हटलं असतं. सभेत अण्णांच्या हातात कागद नव्हता. त्यांनी नोकरीतला एक किस्सा सांगितला, चुकीच्या जिल्ह्यात गेलेल्या टपालाचा, आणि लोक हसत असतानाच बसले. मग साहेब बोलले, आभार झाले, सभा संपली.

आता नाजूक भाग. समोसे. ताटल्या सभागृहात फिरल्या असत्या तर सगळं तिथेच मुरलं असतं. म्हणून शिपाईमामांना सांगून ठेवलं होतं की खाणं पोर्चमध्ये, आणि तेही अण्णा गेल्यावर. अण्णांचा वाटा डब्यात बांधून मुलाच्या हाती आधीच दिला होता, घड्याळ-नारळही रिक्षात ठेवले होते. हात मोकळे नसले की निरोप घेता येत नाही, नमस्कारसुद्धा नारळानेच करावा लागतो.

अण्णा आधी टेबलाशी गेले. कपाटाची किल्ली मागे येणाऱ्या पोराला दिली आणि म्हणाले, "खालचा कप्पा जरा अडतो, गुडघा लाव." मग पोर्चमध्ये आले. आम्ही दोन्हीकडे उभे. ते म्हणाले, "चला, निघतो मी. उद्यापासून टपाल तुम्ही बघा." बस्स. मामा म्हणाले, "या हो अण्णा, सावकाश जा." रिक्षा फाटकाबाहेर पडेपर्यंत समोशाकडे कोणी पाहिलं नाही. आमच्या कचेरीत हे मी घडलं म्हणून सांगतो, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

या पद्धतीत एक धोका आहे. निरोप नीट झाला की माणूस खरोखर गेला असं वाटतं, आणि चार दिवसांनी अण्णा ना-देय प्रमाणपत्रासाठी दारात उभे राहिले तेव्हा आम्ही सगळे जरा ओशाळलो. अण्णा ओशाळले नाहीत. "टपाल आहे," म्हणाले, आणि स्वतःच्याच अर्जावर शिक्का मारून घेतला.

हल्ली इतर कचेऱ्यांतूनही माझ्याकडे पत्रिका मागतात. देतो. फक्त परवा एका कचेरीतले लोक साहेबांच्या बदलीच्या कार्यक्रमासाठी आले, तेव्हा मी हात टेकले. आभार वेगळे आणि निरोप वेगळा काढायला निघालो, पण जमेना. साहेब जाताहेत, याबद्दलच सगळ्यांना त्यांचे आभार मानायचे होते.