तारीख लिहा, साहेब

‘आपली कामगिरी अपेक्षेइतकी समाधानकारक नसल्यामुळे आपला प्रोबेशनचा कालावधी पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात येत आहे.’ खाली एचआरची सही आणि शिक्का. सहा महिने राबलेल्या माणसाच्या हातात हे एक वाक्य ठेवलं जातं, आणि ठेवणाऱ्याला वाटतं आपण पत्र दिलं. काय चुकलं ते यात नाही, काय सुधारायचं ते नाही, पुन्हा कधी बघणार तेही नाही. मी याला पत्र मानत नाही. साहेबांनी निर्णय टाळला आहे, आणि त्याची किंमत कर्मचारी मोजणार आहे.

ही किंमत रोख असते. घरकर्जाला गेलं की बँक कन्फर्मेशन लेटर मागते. अनेक कंपन्यांत पगारवाढ कायम झाल्याशिवाय लागत नाही. आणि प्रोबेशनवरच्या माणसाला काढायला थोड्या दिवसांची नोटीस पुरते, म्हणून तो घर बदलत नाही, मुलाची शाळा बदलत नाही, काही ठरवतच नाही. (पीएफचं मात्र ऐकून घेऊ नका. ज्याला पीएफ लागू होतो त्याला तो रुजू झाल्यापासून लागू होतो. ‘कायम झालात की सुरू करू’ हे उत्तर चुकीचं आहे.)

मुदत वाढवणं मुळात अन्यायाचं नाही. कधी कधी तोच न्याय असतो. समजा, चाकणच्या एका कारखान्यात खरेदी विभागात एक मुलगी 1 जुलै 2024 ला लागली, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. पुरवठादारांशी तिचं बोलणं चांगलं, मालाची तिला जाण आहे. पण पर्चेस ऑर्डरमध्ये चुका होतात: जुना दर पडतो, जीएसटीचा टक्का चुकतो, मग बिल आणि स्टोअरची पावती जुळत नाही आणि अकाउंट्समध्ये पेमेंट अडकतं. अशा मुलीला घरी पाठवणं वाईट, आणि डोळे मिटून कायम करणंही वाईट. तिला तीन महिने द्यावेत. पण पत्र कसं लिहावं?

कारणापासून सुरुवात करावी, आणि कारण मोजता येईल असं असावं. ‘ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तुम्ही केलेल्या 80 ऑर्डरपैकी 14 ऑर्डरमध्ये दर किंवा कराची चूक निघाली, यादी सोबत जोडली आहे.’ हे वाचून ती ताडून बघू शकते, दोन चुका आपल्या नव्हत्या असं म्हणू शकते. ‘कामात गांभीर्य नाही’ यावर ती काय बोलणार? पुढचं वाक्य बहुतेक साहेबांच्या हातून निसटतं, तेही इथेच लिहावं: ‘सॉफ्टवेअरचं प्रशिक्षण कंपनीकडून सप्टेंबरअखेरपर्यंत मिळालं नाही, हे लक्षात घेतलं आहे.’ आपल्याकडचा उशीर झाकून तिचं अपयश तेवढं कागदावर आणणारं पत्र अप्रामाणिक असतं. वाचणाऱ्याला ते पहिल्या फेरीतच कळतं.

अपेक्षाही तशीच नेमकी हवी. ‘कामात सुधारणा करावी’ ही अपेक्षा नव्हे. ‘जानेवारीपासून दर 40 ऑर्डरमागे दोनपेक्षा जास्त चुका नसाव्यात, ऑर्डर पाठवण्याआधी चालू दरपत्रकाशी ताडावी, पहिले चार आठवडे विभागातले सिनियर रोज अर्धा तास तुमच्यासोबत बसतील.’ शेवटचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिकवणाऱ्याची वेळ कागदावर आली नाही, तर सगळा भार शिकणाऱ्यावर पडतो आणि मार्चमध्ये पुन्हा तीच यादी निघते.

मग तारखा. प्रोबेशन 31 मार्च 2025 पर्यंत वाढलं. मधला आढावा शुक्रवारी 14 फेब्रुवारीला. अंतिम आढावा सोमवारी 17 मार्चला, विभागप्रमुख आणि एचआर दोघांसमोर. लेखी निर्णय 31 मार्चच्या आत. आढावा मुदत संपण्याच्या दोन आठवडे आधी ठेवायचा, म्हणजे निर्णय लिहायला आणि तिला बोलायला वेळ उरतो. आणि हे पत्र 31 डिसेंबरच्या आत तिच्या हातात पडायला हवं. जानेवारीच्या दहा तारखेला मागची तारीख टाकून दिलेला कागद ही लबाडी आहे.

उशीर कंपनीलाही महागात पडू शकतो. 1968 साली पंजाब सरकार विरुद्ध धरमसिंग या खटल्यात प्रश्न हाच होता. तिथल्या शिक्षकांच्या नियमांत प्रोबेशनची कमाल मर्यादा तीन वर्षं होती, ती उलटूनही ते कामावर राहिले. मर्यादा संपल्यावर प्रोबेशन चालूच आहे असं मानता येत नाही, ते कायम झाले असंच धरावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पण यावरून प्रत्येकाने खूश होऊ नये. नियमात किंवा अपॉइंटमेंट लेटरमध्ये कमाल मर्यादा नसेल, आणि ‘लेखी कळवल्याशिवाय कायम समजू नये’ असं कलम असेल, तर नुसत्या गप्प राहण्याने सहसा कोणी कायम होत नाही. म्हणून आधी आपलं अपॉइंटमेंट लेटर काढून ती दोन वाक्यं शोधा.

शब्द जपून वापरण्यालाही कारण आहे. 1999 साली दीप्तीप्रकाश बॅनर्जी यांच्या खटल्यात, म्हणजे कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्राच्या प्रकरणात, नोकरी संपवणाऱ्या आदेशात आधीच्या पत्रांचा हवाला होता. त्या पत्रांतल्या मजकुराने कर्मचाऱ्याला कलंक लागतो, असं म्हणत न्यायालयाने चौकशीशिवाय काढलेला तो आदेश टिकू दिला नाही. तेव्हा मुदतवाढीच्या पत्रात ‘अप्रामाणिक’, ‘बेशिस्त’ असले शिक्के मारू नयेत. तसा आरोप असेल तर त्याची रीतसर चौकशी करावी. चुका मोजायच्या असतील तर मोजाव्यात, माणसाचं चारित्र्य मोजू नये.

डॉ. सुमती शेरे यांच्या 1989 च्या निकालात तर न्यायालयाने साधी गोष्ट सांगितली होती: काम नीट नसेल तर कर्मचाऱ्याला उणीव वेळेवर कळवा. हे सगळे खटले सरकारी किंवा सरकारी पैशावरच्या संस्थांचे आहेत, खासगी कंपनीला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण उणीव वेळेवर सांगायला कोणत्या मालकाला न्यायालय लागावं?

आता पत्र घेणाऱ्यासाठी. सही करताना ‘प्रत मिळाली’ लिहून तारीख टाका, ‘मान्य’ लिहू नका. दोन दिवसांत ईमेलने शांतपणे उत्तर द्या: कोणत्या चुका मान्य, कोणत्या नाहीत, प्रशिक्षण कधी मिळालं. तारीख नसेल तर तीच आधी मागा. जानेवारीपासून आपल्या ऑर्डरींची नोंद स्वतः ठेवा, कारण मार्चमध्ये आकडे फक्त साहेबांकडे असू नयेत. आणि 17 मार्चला कोणी बोलावलंच नाही, तर 18 ला सकाळी त्याच ईमेलच्या साखळीत विचारा, की कालचा आढावा कोणत्या दिवशी घेणार.