‘साधंच आहे गं’

पहिल्या भेटीची जागा बहुधा पैसेवालाच सुचवतो, आणि वर म्हणतो, ‘साधंच आहे गं.’ साधं म्हणजे कॉफी 350 रुपये, वर 5 टक्के जीएसटी. मग ती मेनूकार्ड उजव्या बाजूने वाचते, ‘आत्ताच जेवून आले’ म्हणते आणि पोटातल्या कावळ्यांना पाणी पाजते. तो ऐटीत बिल देतो. पुढची पाळी तिची, म्हणून पुढची भेट ‘ऑफिसच्या कामात’ अडकते. त्याला वाटतं, आपण आवडलो नाही. ‘या वेळी जागा मी ठरवणार, दोघांचं मिळून 200 रुपयांत’ एवढं तिने आधीच कळवलं असतं तर भागलं असतं. पण पगाराची चौकशी स्थळ बघतानाच शोभते. प्रेमात ती असभ्य!