फुकट सँपलची किंमत

तासगावचा एखादा नवा बेदाणा ब्रँड पुण्याच्या साखळी दुकानाच्या खरेदी अधिकाऱ्याला पहिला ईमेल कसा लिहितो? ‘सँपल मोफत, दर आपण म्हणाल तो, खपलं नाही तर माल परत.’ तीन वाक्यांत आपलं दुकान लुटायला दिलं! साहेबही दिलदार, सहाऐवजी चोवीस पाकिटं मागवतात. चव घ्यायला अख्खं ऑफिस असतं.

फुकट माल फुकट पडत नाही. मोफत सँपलवर इनपुट टॅक्स क्रेडिट मिळत नाही. जीएसटी कायद्याचं कलम 17(5) तसं सांगतं. मग मजकूर असा हवा: ‘एकाच बॅचची 250 ग्रॅमची 6 पाकिटं, दर 90 रुपये, एकूण 540, कर वेगळा. पोहोचवण्याचं भाडं आमचं. पहिली ऑर्डर आल्यास 540 वजा. सँपल परत घेणार नाही. ऑर्डरीतला न खपलेला माल 30 दिवसांत, सील शाबूत असेल तरच परत. परतीचं भाडं आपलं.’

सील आणि मुदत लिहिली नाही, तर पावसाळा काढून चिकट झालेला बेदाणा ‘रिटर्न’ म्हणून दारात उभा राहतो. (साताऱ्याच्या कंदी पेढेवाल्याने मात्र हे 30 दिवस उतरवून घेऊ नयेत, परत येईल तो पेढा कुणी ओळखणार नाही.)

एवढं नीट लिहिल्यावर साहेबांचं उत्तर एका ओळीत येतं: ‘पेमेंट 90 दिवसांनी.’ सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, हा 2006चा कायदा त्यांच्या स्पॅम फोल्डरमध्ये गेलेला असावा.