पाच हजारांत दहा तोंडं

आमच्या ऑफिसात कुणाची बदली झाली की स्टाफ वेल्फेअर फंडातून निरोपाच्या जेवणाला पाच हजार रुपये मिळतात. बदली होणारा धरून आम्ही दहा जण. म्हणजे डोई पाचशे, आणि पुण्यात पाचशेत पोटभर जेवता येतं, यात वाद नाही. वाद पुढे आहे. कारण पैसे मिळाल्यावर कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर हॉटेलच्या मेन्यूकार्डाचा स्क्रीनशॉट टाकतं आणि खाली लिहितं, ‘ठरवा.’ हे आज्ञार्थी क्रियापद कुणाला उद्देशून आहे हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मी लेखा शाखेत आहे. जिथे बेरीज आहे तिथे मी आहे.

स्क्रीनशॉट हा मेन्यूकार्डाचा गरीब नातेवाईक. मूळ कार्ड कुणीतरी हॉटेलात बसून, ट्यूबलाइटची तिरीप नेमकी किमतींच्या रांगेवर पडेल अशा बेताने टिपलेलं असतं. मग ते या ग्रुपवरून त्या ग्रुपवर जाताना आक्रसत जातं. आमच्याकडे आलं तेव्हा उजवी कड कापली गेली होती, त्यामुळे पनीर टिक्का मसाला 28 रुपयांना दिसत होता. आस्थापनाताईंनी लगेच ‘स्वस्त आहे, दहा प्लेट सांगा’ असं लिहिलंही. ‘चिकन हंडी 380’ मात्र स्पष्ट होतं. त्या 380 च्या डोक्यावर ‘हाफ’ लिहिलंय की ‘फुल’, हे आधीच्या पानावर राहिलं होतं आणि आधीचं पान कुणी काढलंच नव्हतं. मासळीच्या रांगेत किमतीच्या जागी ‘साइजप्रमाणे’ असं होतं. ज्यांचं बजेट ठरलेलं आहे त्यांनी त्या ओळीवर नजरसुद्धा ठेवू नये. सुरमई मोठी निघाली तर फंड छोटा पडतो.

म्हणून पहिलं काम हॉटेलात फोन लावण्याचं. भाव हेच आहेत ना, की हे कार्ड मागच्या वर्षीचं? हे बसून खाण्याचे भाव की घरपोच अ‍ॅपवरचे? दोन्हींत बरेचदा फरक असतो. हंडीचे 380 हाफचे की फुलचे? (हाफचे निघाले.) आणि टॅक्स वेगळा का? टॅक्स वेगळाच असतो. पानाच्या तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेला असतो आणि स्क्रीनशॉट नेहमी त्या ओळीच्या एक बोट वर संपतो. साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी. तेव्हा आपल्याकडे पाच हजार नाहीत. 5000 ला 1.05 ने भागलं की 4760 च्या आसपास राहतात, आणि मेन्यूकार्डावर बोट ठेवताना हाच आकडा डोळ्यांपुढे हवा. सर्व्हिस चार्ज धरलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच सांगितलंय की तो आपोआप बिलात लावता येत नाही. हे वाक्य मी पाठ करून ठेवलं आहे आणि गल्ल्यावर शांतपणे म्हणतो.

आता ठिपके. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, हे शेंबडं पोरही सांगेल. मांसाहारी खुणेत पूर्वी तपकिरी चौकटीत तपकिरी ठिपकाच असायचा. आक्रसलेल्या फोटोत हिरवा आणि तपकिरी दोन्ही शेवाळलेल्या एकाच रंगाचे दिसतात. ज्यांना मुळातच हे दोन रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांची तर कायमचीच पंचाईत. 2020 च्या लेबलिंगच्या नियमांत पाकिटांवरच्या मांसाहारी खुणेसाठी चौकटीत गोलाऐवजी त्रिकोण आला, तो याचसाठी. रंग गेला तरी आकार कळतो. हॉटेलांची कार्डं मात्र आपापल्या गतीने चालतात. आमच्या कार्डावर जुने गोलच होते. अशा वेळी ठिपका सोडावा आणि शीर्षक वाचावं; ‘व्हेज मेन कोर्स’च्या खाली कोंबडी येत नाही. शंकेच्या जागा उरतात त्या ‘सूप’ आणि ‘राइस-नूडल्स’ या रांगांत, जिथे दोन्ही पंथ एकत्र नांदतात.

बरं, ठिपका वाचता आला तरी तो सगळं सांगत नाही. अंडं नियमाप्रमाणे मांसाहारात जातं. पण आमचे आवक-जावकवाले ‘मी शाकाहारीच, फक्त अंडं चालतं’ या पंथाचे आहेत आणि त्यांच्यासाठी कुठल्याही रंगाची चौकट नाही. हिरव्या ठिपक्याला कांदा-लसूण चालतो, आमच्या जैन मॅडमना नाही. त्यांच्यासाठी वेगळं विचारावं लागतं, आणि तेही आधी. कारण हॉटेलात कांदा-टोमॅटोची लाल ग्रेव्ही सकाळीच पातेलंभर करून ठेवलेली असते आणि पनीरच्या निम्म्या भाज्या त्यातूनच निघतात. ऐन वेळी ‘जैन करा’ म्हटलं की वेटर ‘हो’ म्हणतो. तो काय, कशालाही ‘हो’ म्हणतो. दुपारी फोन करून सांगितलं तर काजू-टोमॅटोची ग्रेव्ही खरोखर वेगळी होते.

सगळ्यांत मोठी अडचण अशी की माणसांवर ठिपके छापलेले नसतात. ग्रुपवर मी विचारलं, ‘व्हेज किती, नॉनव्हेज किती?’ उत्तरं अशी आली: ‘नॉनव्हेज, पण गुरुवार असेल तर व्हेज.’ ‘मी फक्त रस्सा.’ ‘माझं काहीही चालेल’ (हे सगळ्यांत धोकादायक उत्तर, यांचं काहीही चालत नाही). मोठ्या साहेबांनी ग्रुपवर ‘व्हेज’ लिहिलं आणि दोन मिनिटांनी मला खासगीत, ‘माझं नॉनव्हेज धरा, ग्रुपवर नको.’ ग्रुपमध्ये त्यांच्या मेहुणीचे मिस्टर आहेत. निरोप गुरुवारीच होता. शेवटी सहा हिरवे, चार तपकिरी, असा निकाल लागला.

इथे बहुतेक जण सहास चार या हिशेबाने पदार्थ वाटायला लागतात आणि फसतात. कोंबडी खाणारा पनीरही खातो, पनीर खाणारा कोंबडी खात नाही. चिकन चिली यायला वेळ लागतो, तोवर तपकिरी मंडळी समोरच्या पनीर चिलीवर ‘जरा चव बघतो’ म्हणत हात मारतात. हिरव्यांपुढे मग कोबीच्या चार काड्या आणि लिंबाची फोड उरते. तेव्हा शाकाहारी स्टार्टर सहांसाठी नाही, दहांसाठी सांगायचा. मांसाहारी मात्र मोजून चौघांसाठीच.

तिकडे ग्रुपवर पनीर टिक्का मसाला की पनीर बटर मसाला यावर घमासान चाललं होतं. एकाची किंमत 280, दुसऱ्याची 270. दहा रुपयांसाठी अर्धी दुपार गेली. त्याच सुमारास कुणीतरी सहज लिहिलं, ‘रोटीऐवजी बटर नान घेऊ या’, आणि त्याला सात अंगठे मिळाले. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला. भाजी टेबलाला तीन-चार लागतात, ती महाग घेतली काय आणि स्वस्त घेतली काय, पाच-पन्नासाचा फरक. पण ज्या पदार्थाला डोक्यांनी गुणायचं असतं, तो पदार्थ बजेटच्या मानगुटीवर बसतो. माणशी अडीच धरल्या तर दहा जणांना 25 रोट्या. बटर रोटी 30 रुपये, बटर नान 50. वीस रुपयांचा फरक, गुणिले पंचवीस, झाले पाचशे. त्यात दीड पनीर आणि वर पापड बसतो.

म्हणून मी यादी नेहमी शेपटाकडून करतो. आधी गुणाकाराचे पदार्थ: बटर रोट्या 25, म्हणजे 750. ताक दहा ग्लास, 40 प्रमाणे 400. मसाला पापड दोघांत एक, पाच पापडांचे 225. गुलाबजाम प्लेटीत दोन येतात, माणशी एक, पाच प्लेटींचे 350. झाले 1725. एकही भाजी न सांगता तिजोरीचा एक तृतीयांशाहून अधिक हिस्सा संपला, हे वाचून ग्रुपवर पहिल्यांदाच शांतता पसरली. पाणी साधं, हे मी न विचारताच ठरवलं. बाटली मागणाऱ्याने ती स्वतःच्या पैशांनी मागावी.

मग ज्यांना पर्याय कमी त्यांचं: जैन पनीर 290. त्यानंतर तीन भाज्या, पनीर टिक्का मसाला 280, व्हेज कोल्हापुरी 220 आणि डाल तडका 180. डाळीला कुणी मत देत नाही आणि भात आला की सगळे तीच शोधतात. दोन जिरा राइस 300. चौघा तपकिरींना हाफ हंडी 380 आणि एक चिकन बिर्याणी 290. अंडंवाल्या आवक-जावकना बिर्याणीतलं उकडलेलं अंडं, हे त्यांनीच सुचवलं. स्टार्टरला पनीर चिली 270, व्हेज मंचुरियन 210, चिकन चिली 300. एकूण 4445. टॅक्स 222 रुपये 25 पैसे. बिल 4667 रुपये 25 पैसे.

शिल्लक 332 रुपये 75 पैसे दिसताच तपकिरी पक्षाने दुसऱ्या चिकन चिलीचा ठराव मांडला. मी तो फेटाळला, कारण वर सांगितलंच आहे, आधी संपणार आहे ते पनीर. दुसरी पनीर चिली धरली. आता टॅक्ससकट 4950 रुपये 75 पैसे. हाती उरले 49 रुपये 25 पैसे, म्हणजे एक बटर नानसुद्धा बसत नाही. नानच घेतले असते तर दुसरी पनीर चिली सोडूनही बिल 5192 वर गेलं असतं.

एवढा काटेकोर हिशेब कागदावर टिकतो, टेबलावर नाही, याची मला पूर्ण कल्पना होती. साहेब खुर्चीत बसले की त्यांना उदार व्हायची सवय आहे. ‘अरे, सगळ्यांना एकेक नान सांगा रे’, हे वाक्य त्यांच्या तोंडून येणार हे मला पाच हजारांच्या मंजुरीपासून दिसत होतं. साहेबांना ‘नाही’ म्हणायचं कुणी? म्हणून मी अर्धा तास आधी जाऊन कॅप्टनला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ‘दादा, आमच्या टेबलावर कुणी नान मागितला, तर मैद्याचं पीठ संपलंय म्हणून सांगाल का?’

त्याने वहीत टेबल नंबरापुढे एक फुली मारली. त्या पानावर तशा फुल्या आधीच बऱ्याच होत्या.

‘सांगतो की,’ तो म्हणाला. ‘तुम्ही कुठल्या ऑफिसचे?’